अपडेटनंतर ऑर्डर होते का, हे पाहणारी महिन्याची पद्धत

सांगलीतील हळद आणि बेदाणा विकणाऱ्या एका पेढीची ऑनलाइन विक्रीची साइट मी सांभाळतो. साइट वर्डप्रेसवर आहे आणि विक्रीचा भाग वूकॉमर्सवर चालतो. त्याच्या जोडीला पेमेंट, कुरिअरचा दर, डिलिव्हरीची वेळ, पीडीएफ बिल, कॅशे आणि बॅकअप यांसाठी वेगवेगळे प्लगइन आहेत, आणि दिसण्यासाठी एक विकत घेतलेली थीम व तिच्यावर आधारलेली चाइल्ड थीम आहे. हे सगळे निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले असल्यामुळे प्रत्येकाची नवी आवृत्ती आपापल्या वेळी येते, आणि या विशिष्ट जोडणीत ती नीट चालेल की नाही हे त्यांच्यापैकी कोणीही तपासलेले नसते. ते तपासण्याचे काम साइट सांभाळणाऱ्याचे आहे, आणि महिन्यातून एकदा ते मी कसे करतो हे येथे सविस्तर लिहीत आहे.

अपडेटमुळे साइट मोडणे म्हणजे पांढरा पडदा किंवा ‘गंभीर त्रुटी’चा संदेश, अशी बहुतेकांची समजूत असते. त्या प्रकारच्या बिघाडाचा बराच बंदोबस्त आता वर्डप्रेसनेच केला आहे. 2019 मधील 5.2 आवृत्तीपासून पीएचपीची घातक त्रुटी आल्यास साइटच्या प्रशासकाला ईमेल जाते आणि त्यातील दुव्यावरून आत शिरून दोषी प्लगइन बंद करता येतो. 2023 मधील 6.3 आवृत्तीपासून हाताने केलेले अपडेट मध्येच फसले तर आधीचा फोल्डर आपोआप परत ठेवला जातो, आणि 2024 मधील 6.6 आवृत्तीपासून आपोआप होणाऱ्या प्लगइन अपडेटनंतर घातक त्रुटी आढळली तर जुनी आवृत्ती परत येते. या सोयी चांगल्या आहेत, परंतु त्या फक्त कोसळणारी साइट ओळखतात. मुखपृष्ठ उघडते, फोटो दिसतात, माल टोपलीत जातो, आणि शेवटचे बटण दाबल्यावर ऑर्डर मात्र होत नाही, असा बिघाड यांपैकी कोणत्याही व्यवस्थेला दिसत नाही. पेढीच्या दृष्टीने नुकसान करणारा बिघाड हाच असतो, कारण गिऱ्हाईक फोन करून तक्रार करत बसत नाही. ते दुसरीकडून माल घेते. म्हणून माझी सगळी पद्धत ‘साइट उघडते का’ या प्रश्नाऐवजी ‘ऑर्डर होते का’ या प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

महिन्याचे काम मी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी घेतो, म्हणजे काही राहून गेले तरी आठवड्याचे कामाचे दिवस हाताशी असतात आणि होस्टिंगवाल्यांची मदत लागली तर तीही मिळते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत बेदाण्याची मागणी वाढते, तेव्हा नेहमीची अपडेट मी थांबवून ठेवतो. सुरक्षेची दुरुस्ती मात्र महिन्याची वाट पाहत नाही. एखाद्या प्लगइनमधील सुरक्षेची उणीव जाहीर झाली की ती शोधत फिरणाऱ्या स्वयंचलित विनंत्या सगळ्याच साइटवर येऊ लागतात, आणि आपली साइट सांगलीतील एका पेढीची आहे म्हणून ती वगळली जात नाही. त्यामुळे प्लगइनच्या बदलांच्या नोंदीत सुरक्षेचा उल्लेख असेल तर ते एकच अपडेट त्याच दिवशी, पुढे लिहिलेल्या क्रमाने पण लहान स्वरूपात, मी करून टाकतो.

सुरुवातीला काय काय बाकी आहे याची यादी काढतो. होस्टिंगवर डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे आदेश टाइप करून वर्डप्रेस हाताळण्याचे साधन, असल्यामुळे ती दोन आदेशांत मिळते:

```
wp plugin list --update=available --fields=name,version,update_version
wp theme list --update=available
```

या यादीत जे दिसत नाही त्याकडेही लक्ष द्यावे लागते. विकत घेतलेल्या थीमचा किंवा प्लगइनचा परवाना संपला असेल तर नवी आवृत्ती असूनही तिची सूचना बऱ्याचदा येत नाही. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातून एखादा प्लगइन काढून टाकला गेला असेल तरी आपल्या डॅशबोर्डवर तो शांतपणे ‘अद्ययावत’ असल्यासारखाच दिसत राहतो. म्हणून ज्या प्लगइनचे बऱ्याच काळात काहीच अपडेट आलेले नाही, त्याचे भांडारातील पान मी उघडून पाहतो. ते बंद केल्याची सूचना तेथे दिसली, तर त्याच्याऐवजी दुसरे काय वापरायचे हे ठरवण्याचे काम यादीत जाते.

त्यानंतर प्रत्येक प्लगइनच्या बदलांची नोंद वाचतो. आवृत्तीच्या क्रमांकातील शेवटचा आकडा बदलला असेल तर ती बहुधा लहान दुरुस्ती असते आणि पहिला आकडा बदलला असेल तर मोठा बदल, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण तो पाळण्याचे बंधन कोणावर नाही, आणि वर्डप्रेस स्वतःच्या क्रमांकांसाठीही तो तसा पाळत नाही. म्हणून आकड्यापेक्षा मजकूर महत्त्वाचा असतो. त्यात मी तीन गोष्टी शोधतो: पीएचपीची किमान आवृत्ती वाढली आहे का, डेटाबेसमध्ये बदल होणार आहे का, आणि चेकआउटच्या पानावर काही हलवले आहे का. तिसऱ्या प्रकारची नोंद साधी दिसते, ‘फील्डची जागा सुधारली’ इतकीच असते, आणि त्या एका ओळीचे पुढे काय झाले ते लिहिणारच आहे.

बॅकअपविषयी ‘आधी बॅकअप घ्या’ एवढेच सांगितले जाते, परंतु विक्रीच्या साइटवर तेवढे पुरत नाही. समजा सकाळी साडेदहाला बॅकअप घेतला, अकराला अपडेट केले आणि दुपारी दोनला दोष लक्षात आला. मधल्या वेळात ज्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डर झाल्या, त्यांचे यूपीआयने पैसे जमा झालेले आहेत. अशा वेळी साडेदहाचा डेटाबेस परत ठेवला तर साइट पूर्ववत होईल, पण त्या ऑर्डर नाहीशा होतील. पैसे आले आहेत आणि नाव-पत्ता कोठेच नाही अशी स्थिती होईल. शिवाय पुढची नवी ऑर्डर आधी वापरल्या गेलेल्या क्रमांकावर जाऊ शकते, आणि मग हिशेबात एकाच क्रमांकाची दोन गिऱ्हाइके दिसू लागतात. हाच बॅकअप लेखांच्या साध्या साइटवर निर्धास्तपणे परत ठेवता येतो, कारण तेथे साडेतीन तासांत फारसे काही बदललेले नसते.

यावरून मी एक नियम केला आहे. चालू साइटवर माघार घ्यायची असेल तर आधी फक्त फायली मागे न्यायच्या, डेटाबेसला हात लावायचा नाही. एखाद्या प्लगइनची आधीची आवृत्ती अधिकृत भांडारात असेल तर ती अशी परत बसते, आणि प्लगइनची सेटिंग जशीच्या तशी राहतात:

```
wp plugin install plugin-slug --version=2.4.1 --force
```

विकत घेतलेल्या प्लगइनसाठी हा मार्ग नसतो. त्यांची सध्या चालू असलेल्या आवृत्तीची झिप फाइल मी अपडेटच्या आधीच उतरवून ठेवतो, कारण काही विक्रेते जुनी आवृत्ती नंतर देत नाहीत.

हा नियम एका ठिकाणी अपुरा पडतो. नवी आवृत्ती डेटाबेसची रचनाच बदलत असेल, तर त्यानंतर जुन्या फायली परत ठेवणे सुरक्षित राहत नाही, कारण जुन्या कोडला नवी रचना कळत नाही. काही प्लगइन हा बदल डॅशबोर्डवरील बटण दाबल्यावर करतात, काही न विचारता पार्श्वभूमीला उरकून टाकतात. असा बदल असलेले अपडेट मी इतरांमध्ये मिसळत नाही. ते वेगळे, सगळ्यांत कमी ऑर्डर येणाऱ्या वेळी करतो, त्या थोड्या वेळासाठी ऑर्डर घेणे बंद ठेवतो आणि अगदी आधी डेटाबेसची ताजी प्रत काढतो. ऑर्डर बंद असल्यामुळे त्या वेळात डेटाबेस परत ठेवावा लागला तरी काही हरवत नाही. ही प्रत साइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवावी लागते, कारण तिच्यात गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक असतात आणि आत ठेवलेली फाइल पत्ता माहीत असलेल्या कोणालाही उतरवता येऊ शकते.

```
wp db export ../before-update.sql
```

महिन्याचा मुख्य बॅकअप खरोखर उपयोगी आहे का, हे पाहण्यासाठी मी वेगळी चाचणी करत नाही. स्टेजिंगची साइट, म्हणजे चालू साइटची चाचणीसाठीची जुळी प्रत, मी दर महिन्याला त्या बॅकअपमधूनच नव्याने उभी करतो. होस्टिंगच्या एका बटणाने थेट प्रत काढणे सोपे असते, पण त्यातून बॅकअपविषयी काहीच कळत नाही. बॅकअपमधून उभी राहिलेली साइट नीट उघडली, गेल्या आठवड्याच्या ऑर्डर तिच्यात दिसल्या आणि मालाचे फोटो आले, म्हणजे बॅकअप पूर्ण आहे याची खात्री त्याच कामात होऊन जाते.

या स्टेजिंगबाबत एक काळजी मी कधीच सोडत नाही. तिच्यात खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे ईमेल पत्ते असतात, आणि चालू साइटवर पाठवायची राहिलेली कामे तीही आपल्या परीने पाठवू लागते. मग मिरजेच्या एखाद्या आजोबांना त्यांच्या जुन्या ऑर्डरचे पत्र दुसऱ्यांदा जाते. म्हणून डेटाबेस भरण्याच्या आधीच `wp-content/mu-plugins` या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवतो. त्या फोल्डरातील कोड डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही, आणि पुढील ओळीमुळे वर्डप्रेसकडून जाणारी पत्रे थांबतात:

```
<?php
add_filter( 'pre_wp_mail', '__return_false' );
```

एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश या मार्गाने जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या सेवेची किल्ली सेटिंगमधून पुसावी लागते. पेमेंटचा प्लगइन चाचणीच्या किल्ल्यांवर न्यावा लागतो. पत्ते बदलण्यासाठी पुढील आदेश वापरतो, कारण डेटाबेसमध्ये साध्या शोधा-बदला पद्धतीने पत्ता बदलला तर त्यात विशिष्ट रीतीने साठवलेली सेटिंग बिघडू शकतात, आणि हा आदेश ती सांभाळून बदलतो:

```
wp search-replace 'https://example.com' 'https://staging.example.com' --skip-columns=guid
```

आता प्रत्यक्ष अपडेट. ती सगळी एकदम करणे सोपे आहे आणि डॅशबोर्ड तसे सुचवतोही, पण मी एका वेळी एकच करतो आणि प्रत्येकानंतर ऑर्डर करून पाहतो. वूकॉमर्सला जोडलेले लहान प्लगइन आधी, वूकॉमर्स नंतर आणि थीम शेवटी, असा माझा क्रम असतो. यात वेळ जातो हे खरे आहे. पण सगळी एकदम केली आणि ऑर्डर अडली, तर कोणामुळे अडली हे शोधण्यात त्याहून जास्त वेळ जातो, आणि तो वेळ अनेकदा चालू साइटवर, गिऱ्हाइकांच्या देखत जातो.

चाचणीची ऑर्डर कशी करायची हे पेढीवर ऑर्डर पाहणाऱ्या ताईंना विचारून ठरवले आहे. त्यांनी सांगितले की येणाऱ्या ऑर्डर मुख्यतः दोन प्रकारच्या असतात: सांगली-मिरज-कुपवाडमधल्या, ज्यांचा माल पेढीचा माणूस स्वतः पोहोचवतो, आणि बाहेरगावच्या, ज्या कुरिअरने जातात. “दोन्हींचे सगळे वेगळे असते, दादा. गावातल्याला सकाळ की संध्याकाळ ते विचारावे लागते, पुण्याच्याला नाही विचारत.” त्यामुळे प्रत्येक अपडेटनंतर मी दोन ऑर्डर करतो, एक सांगलीच्या 416416 या पिनकोडवर आणि एक पुण्याच्या पत्त्यावर. दोन्ही ऑर्डर मोबाइलवरून आणि लॉगिन न करता करतो, कारण प्रशासक म्हणून आत असताना कॅशे बहुधा वगळला जातो आणि गिऱ्हाइकाला दिसते ते पान आपल्याला दिसतच नाही.

या दोन पत्त्यांमुळेच एका महिन्यात असा दोष हाती लागला, जो एकाच पत्त्यावर तपासले असते तर सुटला असता. डिलिव्हरीची वेळ विचारणाऱ्या प्लगइनची नवी आवृत्ती आली होती. बदलांच्या नोंदीत वेळ निवडण्याचे फील्ड ऑर्डरच्या बटणाच्या जवळ आणल्याचा उल्लेख होता. स्टेजिंगवर ती आवृत्ती बसवली; अपडेट विनात्रुटी झाले. पुण्याच्या पत्त्यावरची ऑर्डर पूर्ण झाली. सांगलीच्या पत्त्यावर मात्र बटण दाबल्यावर लाल पट्टीत ‘कृपया डिलिव्हरीची वेळ निवडा’ असा संदेश आला, आणि पानावर वेळ निवडण्याचे फील्डच कोठे नव्हते. गिऱ्हाइकाने कितीही प्रयत्न केला तरी ती ऑर्डर पुढे सरकली नसती.

पहिल्यांदा मी त्रुटींची नोंद पाहिली. स्टेजिंगवर `wp-config.php` मध्ये `WP_DEBUG` आणि `WP_DEBUG_LOG` चालू असतात, त्यामुळे पीएचपीची प्रत्येक तक्रार `wp-content/debug.log` या फायलीत येते. तेथे या वेळेची एकही ओळ नव्हती. हे समजण्यासारखे आहे, कारण पीएचपीच्या दृष्टीने काहीच चुकलेले नव्हते: फील्ड रिकामे आले म्हणून ऑर्डर नाकारणे हे प्लगइनचे काम होते आणि ते त्याने चोख केले होते. नोंद कोरी असणे म्हणजे साइट ठीक असणे नव्हे, हे अशा वेळी ध्यानात ठेवावे लागते.

त्यानंतर स्टेजिंगवर थीम बदलून वर्डप्रेसची मूळ थीम लावली. फील्ड लगेच दिसले आणि सांगलीची ऑर्डर पूर्ण झाली. म्हणजे प्लगइन स्वतः ठीक होता आणि अडथळा आपल्या थीममध्ये होता. स्टेजिंगवर हे निर्धास्तपणे करता येते. चालू साइटवर भर सकाळी थीम बदलून पाहणे शक्यच नसते.

थीममध्ये नेमके कोठे पाहायचे हे वूकॉमर्स स्वतः सांगते. वूकॉमर्स आपल्या पानांचे साचे वेगवेगळ्या फायलींत ठेवते, आणि थीमच्या `woocommerce` फोल्डरात त्याच नावाची फाइल ठेवली तर मूळ साच्याऐवजी ती वापरली जाते. असे कोणकोणते साचे बदललेले आहेत याची यादी डॅशबोर्डवर `WooCommerce → Status` या पानाच्या शेवटच्या भागात मिळते. आमच्या यादीत `checkout/payment.php` होती, म्हणजे आधी साइट बनवणाऱ्याने ऑर्डरच्या बटणाच्या भागाची प्रत चाइल्ड थीममध्ये काढून तीत बदल केला होता. त्या नावापुढे जुनी झाल्याची कोणतीही खूण नव्हती. या पानाची मर्यादा येथे कळते: ते फक्त प्रत्येक साच्याच्या माथ्यावर लिहिलेला आवृत्तीचा आकडा मूळ साच्याच्या आकड्याशी जुळवून पाहते. आत एखादी ओळ काढून टाकलेली असेल आणि आकडा तोच असेल, तर या तपासणीत ते येत नाही.

म्हणून दोन्ही फायली समोरासमोर ठेवल्या:

```
cd wp-content
diff plugins/woocommerce/templates/checkout/payment.php \
     themes/child/woocommerce/checkout/payment.php
```

निकालात मूळ फायलीत असलेली आणि आमच्या प्रतीत नसलेली ही ओळ दिसली:

```
<?php do_action( 'woocommerce_review_order_before_submit' ); ?>
```

अशा ओळीला हुक म्हणतात. ती स्वतः पानावर काही छापत नाही; ‘या जागी कोणाला काही टाकायचे असेल तर टाका’ एवढेच ती इतर प्लगइनना सांगते. जुन्या आवृत्तीत डिलिव्हरीच्या प्लगइनने आपले फील्ड `woocommerce_after_order_notes` या दुसऱ्या हुकवर टांगले होते, जो पत्त्याच्या भागात असतो आणि आमच्या साइटवर शाबूत होता. नव्या आवृत्तीत त्याने ते बटणाच्या वरच्या हुकवर नेले, आणि नेमका तोच आमच्या प्रतीतून वगळला गेला होता. फील्ड टांगायला खुंटीच उरली नव्हती, पण फील्ड भरले आहे का हे तपासणारा कोड वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे तो नेहमीसारखा चालत राहिला. आणि ही तपासणी फक्त गावातल्या डिलिव्हरीसाठी होत असल्यामुळे पुण्याची ऑर्डर सुरळीत गेली. ती ओळ आधीपासूनच नव्हती, तरी इतके दिवस कोणत्याही प्लगइनला तिची गरज पडली नव्हती, म्हणून काही बिघडले नव्हते.

ओळ परत घालून काम भागले असते. तरी आधी मी त्या प्रतीत दुसरा कोणता बदल होता ते पाहिले, तेव्हा बटणावर मराठी मजकूर आणणे एवढाच उद्देश सापडला. त्यासाठी पूर्ण साच्याची प्रत बाळगणे आवश्यक नाही. ती प्रत काढून टाकली आणि चाइल्ड थीमच्या `functions.php` मध्ये हे लिहिले:

```
add_filter( 'woocommerce_order_button_text', function () {
    return 'ऑर्डर नक्की करा';
} );
```

आता वूकॉमर्सने तो साचा बदलला तर नवा साचा आपोआप मिळेल आणि बटणाचा मजकूर तसाच राहील. त्याच महिन्यात यादीतील उरलेले बदललेले साचेही या दृष्टीने पाहिले. ज्यांचे काम फिल्टरने किंवा थोड्या सीएसएसने होत होते ते काढून टाकले, आणि जे ठेवणे भाग होते त्यांच्यासाठी वरची तुलना वूकॉमर्सच्या प्रत्येक अपडेटनंतर करण्याचे ठरवले. येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हे सगळे शॉर्टकोडवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चेकआउटला लागू आहे. 2023 मधील 8.3 आवृत्तीपासून वूकॉमर्स नव्या दुकानांना ब्लॉकवर आधारलेले चेकआउट देते, आणि त्यात हे साचे व हे हुक वापरलेच जात नाहीत. तेथे डिलिव्हरीचा प्लगइन ब्लॉकसाठी तयार आहे का हे वेगळे तपासावे लागते.

स्टेजिंगवर सगळे नीट झाले की चालू साइटवर तेच, त्याच क्रमाने करतो. फरक इतकाच की येथे नवे काही करून पाहायचे नसते. आधी डेटाबेसची ताजी प्रत, मग साच्यातील दुरुस्ती, मग डिलिव्हरीचा प्लगइन. दुरुस्ती आधी आणि अपडेट नंतर हा क्रम मी मुद्दाम ठेवतो, कारण दुरुस्त केलेली थीम जुन्या प्लगइनबरोबर चालते हे स्टेजिंगवर पाहिलेले असते, पण नवा प्लगइन जुन्या थीमबरोबर चालत नाही हेही दिसलेले असते. उलट क्रमाने केले तर मधल्या काही मिनिटांत गावातल्या ऑर्डर अडतील.

त्यानंतर कॅशे पूर्ण रिकामा करतो. कॅशे तसाच राहिला तर गिऱ्हाइकाला जुने पान आणि नवी स्क्रिप्ट अशी सरमिसळ मिळू शकते, आणि आपल्याला न दिसणारे दोष त्याला दिसू लागतात. मग चालू साइटवर सर्वांत लहान पाकिटाची खरी ऑर्डर करून यूपीआयने पैसे भरतो. शंभर टक्के सवलतीचे कूपन लावून केलेली ऑर्डर येथे उपयोगी नाही, कारण रक्कम शून्य झाली की पेमेंटचा टप्पाच वगळला जातो आणि जे तपासायचे तेच राहून जाते. ऑर्डर ताईंच्या यादीत आली, साठ्यातून एक पाकीट कमी झाले आणि पत्र आले, की ती रद्द करून पैसे परत करतो. परताव्याचा मार्गही त्यात तपासला जातो.

मराठी साइटवर आणखी दोन ठिकाणे पाहावी लागतात. पहिले म्हणजे पीडीएफ बिल. अपडेट करताना प्लगइनचा जुना फोल्डर पूर्ण काढून नवा ठेवला जातो, त्यामुळे कोणी देवनागरीचा फॉन्ट त्या फोल्डरात टाकला असेल तर तो नाहीसा होतो आणि बिलावर नावाच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. तो फॉन्ट आणि बिलाचा साचा चाइल्ड थीममध्ये ठेवण्याची सोय बिलाचा प्लगइन देत असेल तर तीच वापरावी. दुसरे म्हणजे आपण स्वतः केलेले अनुवाद. ते `wp-content/languages/plugins` मध्ये ठेवले तर भाषेच्या फायलींचे अपडेट त्यांच्यावरून लिहिले जाते. लोको ट्रान्सलेट या प्लगइनच्या `wp-content/languages/loco` या स्वतंत्र फोल्डरात ठेवले तर ते टिकतात. तरीही मूळ इंग्रजी वाक्यच नव्या आवृत्तीत बदलले असेल, तर त्याचा अनुवाद जुळत नाही आणि मराठी पानाच्या मध्येच एखादे इंग्रजी वाक्य दिसू लागते. हे कोणत्याही नोंदीत येत नाही. चेकआउटचे पान वरपासून खालपर्यंत वाचूनच ते सापडते.

काम संपल्यावर कोणत्या प्लगइनची कोणती आवृत्ती कोणती झाली, कोणती दुरुस्ती केली आणि काय पुढे ढकलले, हे एका वहीत लिहितो. पुढचे काही दिवस ताई गावातल्या आणि बाहेरगावच्या ऑर्डरची संख्या वेगवेगळी पाहतात. एकूण संख्या नेहमीसारखी दिसत असली तरी गावातल्या ऑर्डर एकाएकी बंद झालेल्या असू शकतात, आणि तसे दिसले की त्या मला लगेच फोन करतात. नव्या आवृत्तीच्या झिप फायली मी त्याच दिवशी उतरवून ठेवतो, म्हणजे पुढच्या महिन्यात मागे जाण्याची वेळ आली तर त्या हाताशी असतात. आणि स्टेजिंगची साइट, तिच्यातील गिऱ्हाइकांच्या माहितीसह, पुढच्या बॅकअपची वाट न पाहता पुसून टाकतो.